बेड १२ ची पिशवी बेड ७ ला: एबीओ न जुळलेल्या रक्ताच्या रिअॅक्शनचे एक प्रकरण

वॉर्डात अशा घटना ज्या क्रमाने घडतात तो क्रम धरून हे प्रकरण बांधले आहे. यातले रुग्ण, पिशव्यांचे क्रमांक आणि वेळा कुणा एका खऱ्या रुग्णाच्या नाहीत. वैद्यकीय बाजू मात्र प्रत्यक्षात दिसते तशीच ठेवली आहे.

रुग्ण आणि पिशव्या

बेड ७ वर ६२ वर्षांच्या बाई, वजन ५८ किलो. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया होऊन दुसरा दिवस. सकाळी हिमोग्लोबिन ६.८ आले, उठून बसताना चक्कर येत होती, म्हणून पॅक्ड सेलची एक पिशवी चढवायचे ठरले. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. तो केस पेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेला होता.

बेड १२ वर त्याच आडनावाच्या ५५ वर्षांच्या बाई, रक्तगट ए पॉझिटिव्ह. त्यांच्यासाठीही एका पिशवीची मागणी गेली होती. दोन्ही पिशव्या रक्तपेढीतून एकाच डब्यातून, एकाच माणसाबरोबर दुपारी २.०५ ला वॉर्डात आल्या.

शेवटी ३१ ने संपणारी पिशवी ओ पॉझिटिव्ह, बेड ७ साठी क्रॉसमॅच केलेली. ४८ ने संपणारी ए पॉझिटिव्ह, बेड १२ साठी क्रॉसमॅच केलेली. दोन्हींत तांबड्या पेशी सॅगएम द्रावणात होत्या आणि पांढऱ्या पेशी गाळून कमी केलेल्या होत्या. ४८ क्रमांकाच्या पिशवीत २९० मिली रक्त होते, ते ११ दिवसांपूर्वी घेतलेले होते आणि मुदत ४२ दिवसांची होती. रंग ठीक होता, गुठळी नव्हती, पिशवी कुठे गळत नव्हती. सांगायचा मुद्दा असा की पिशवीत काहीच दोष नव्हता. रक्तपेढीने केलेले क्रॉसमॅचही बरोबर होते, फक्त ते दुसऱ्या बाईंसाठी होते.

घटनाक्रम

२.१५ ला बेड ७ ची नोंद झाली: ताप ३६.८, नाडी ८८, रक्तदाब १२६/७८, श्वास मिनिटाला १६, ऑक्सिजन ९७ टक्के. २.२५ ला रक्त सुरू झाले. वेग मिनिटाला सुमारे २ मिली होता. ज्या सेटचे २० थेंब म्हणजे १ मिली होतात त्याच्यावर हे मिनिटाला ४० थेंब होतात. पहिली १५ मिनिटे असाच कमी वेग ठेवतात, कारण एबीओ न जुळणारे रक्त गेले तर ते बहुधा याच वेळात कळते आणि तोवर आत गेलेले रक्त थोडे असते.

२.३३ ला, म्हणजे आठव्या मिनिटाला, बाई म्हणाल्या, "सिस्टर, हात जळतोय, सुई आहे तिथून वर." सिस्टरनी कॅन्युला पाहिली. सूज नव्हती, लाली नव्हती, थेंब नीट पडत होते. थंड रक्त जाताना हाताला गार किंवा ठणकल्यासारखे वाटू शकते, म्हणून रक्त चालू राहिले. २.३७ ला बाई अस्वस्थ झाल्या. पाठ आणि दोन्ही कुशी दुखत होत्या, "काहीतरी होतंय मला, बरं वाटत नाही" असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. २.३९ ला हुडहुडी भरली. २.४० ला १५ मिनिटांची ठरलेली तपासणी झाली: ताप ३८.३, नाडी ११८, रक्तदाब ९६/५८, श्वास २४. २.४१ ला रक्त बंद केले.

सुरुवातीपासून १६ मिनिटे, मिनिटाला २ मिली, म्हणजे अंदाजे ३२ मिली रक्त गेले. नंतर रक्तपेढीत सेट काढून पिशवी एकटी तोलली तेव्हा देतानाच्या वजनापेक्षा ५० ग्रॅम कमी भरली. १ मिली पॅक्ड सेल सुमारे १.०६ ग्रॅम भरतात, म्हणजे पिशवीतून साधारण ४७ मिली बाहेर पडले. त्यातले सुमारे १५ मिली नळी आणि ठिबक-कोठीतच होते. दोन्ही हिशेब जुळले. हा आकडा काढून ठेवावा, कारण पुढे मूत्रपिंडावर किती भार येणार याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

रक्त बंद केल्यानंतरची पहिली दहा मिनिटे

ब्लड सेटचे चाक बंद करणे ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर बऱ्याचदा चूक होते. त्याच सेटला वरून सलाईन लावले की नळीत उरलेले १५ मिली न जुळणारे रक्त सलाईन ढकलून शिरेत घालते, म्हणजे आधी गेलेल्या ३२ मिलीत जवळजवळ निम्म्याची भर पडते. म्हणून सेट थेट कॅन्युलाच्या तोंडाशी सोडवायचा, त्याच्या टोकाला निर्जंतुक टोपण घालायचे आणि नवा सेट, नवी सलाईनची बाटली जोडायची. कॅन्युला मात्र काढायची नाही. रक्तदाब पडला की दुसरी शीर सापडत नाही.

इथे २.४३ ला नव्या सेटने ०.९ टक्क्यांचे ५०० मिली सलाईन पूर्ण वेगाने सुरू झाले, पाय उंच केले, मास्कने ऑक्सिजन दिला, डॉक्टरांना बोलावले. पिशवी, तिला जोडलेला सेट आणि पिशवीचे लेबल तसेच ठेवले. यातले काही कचऱ्यात गेले की अर्धी तपासणी तिथेच संपते.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांचा पहिला विचार साध्या तापाच्या रिअॅक्शनचा होता. तो चुकीचा म्हणता येणार नाही. रक्त चढवताना ताप आणि थंडी येण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते: साठवणीत पांढऱ्या पेशींतून सुटलेली रसायने किंवा रुग्णाच्या शरीरातली त्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे. अशा वेळी पॅरासिटामॉल देतात आणि ताप उतरला की पुढचे बघतात. पण इथे तीन गोष्टी त्या निदानात बसत नव्हत्या. साध्या तापाच्या रिअॅक्शनमध्ये रक्तदाब असा ३० अंकांनी पडत नाही. कुशीत दुखत नाही आणि शिरेच्या वाटेने जळत नाही. शिवाय पिशवीतल्या पांढऱ्या पेशी आधीच गाळलेल्या होत्या, त्यामुळे ती शक्यता आणखी मागे पडत होती. यातली एकही गोष्ट दिसली तर एबीओचा गोंधळ नाही हे सिद्ध होईपर्यंत तोच आहे असे धरून चालावे.

सिस्टरनी विचारले, "सर, हायड्रोकॉर्टिसोन देऊ का?" डॉक्टर म्हणाले, "आत्ता नको, आधी पिशवी आणि पट्टा बघू." हा क्रम बरोबर होता. हायड्रोकॉर्टिसोनने हे थांबत नाही. प्रतिपिंड पेशींना चिकटून काम सुरू झालेले असते, आणि इंजेक्शन भरून देण्यात गेलेली दोन मिनिटे दुसरीकडे हवी असतात.

दुसरा रुग्ण

२.४६ ला डॉक्टरांनी पिशवीवरचे लेबल बाईंच्या मनगटपट्ट्याशी ताडून पाहिले. आडनाव तेच होते, पण नाव वेगळे, नोंदणी क्रमांक वेगळा, आणि पिशवीवर ए पॉझिटिव्ह. तिथून ते थेट बेड १२ कडे गेले.

तिथे ३१ क्रमांकाची ओ पॉझिटिव्ह पिशवी २.३२ पासून चालू होती. त्या बाईंना कसलाही त्रास नव्हता, त्या मोबाईल बघत होत्या. २.४७ ला तीही पिशवी बंद झाली.

दोन पिशव्यांची अदलाबदल झाली की धोक्यात रुग्णही दोन असतात, पण ओरडतो तो बहुधा एकच. इथे ए गटाच्या बाईंना ओ गटाच्या तांबड्या पेशी गेल्या. ओ पेशींवर ए किंवा बी प्रतिजन नसते, म्हणून ए गटाच्या रक्तात त्या तशाच राहतात. बेड ७ ला त्या दिवशी रक्त लावलेच नसते, तर बेड १२ ची चूक कधीच कुणाला कळली नसती. पिशवी संपली असती आणि नोंद स्वच्छ राहिली असती. याच कारणाने एखाद्या वॉर्डात "आमच्याकडे आजवर रिअॅक्शन झाली नाही" याचा अर्थ पिशव्या कधी चुकल्या नाहीत असा काढता येत नाही. एबीओच्या बाबतीत योगायोगाने जुळणाऱ्या चुका न जुळणाऱ्या चुकांपेक्षा जास्त असतात.

उलट गट ए आणि बी असे असते तर दोन्हीकडे रिअॅक्शन आली असती. म्हणून रुग्णाची घडी बसताच दुसऱ्याने लगेच फोन उचलावा: रक्तपेढीला, आणि त्या वेळात रक्त लागलेल्या प्रत्येक वॉर्डाला. चूक पिशवी लावताना झालेली नसून सकाळी नमुना घेताना नळ्यांवर लेबल लावताना झाली असेल, तर दुसरा रुग्ण दुसऱ्याच मजल्यावर असू शकतो आणि त्याची पिशवी अजून फ्रिजमध्ये असू शकते.

बेड १२ ची पिशवी ओ म्हणून चालवून टाकावी असेही एकाने सुचवले. ते केले नाही. ती पिशवी या बाईंशी क्रॉसमॅच झालेली नव्हती. एबीओ सोडून इतर प्रतिजनांविरुद्ध त्यांच्या रक्तात काही असते तर ते तपासलेले नव्हते. दोन्ही पिशव्या परत गेल्या.

शरीरात काय झाले

ओ गटाच्या माणसाच्या रक्तद्रवात ए आणि बी या दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडे जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांपासूनच तयार होत जातात. त्यासाठी आधी कधी रक्त घेतलेले असावे लागत नाही. त्यामुळे पहिल्याच पिशवीच्या पहिल्याच काही मिलीमध्ये रिअॅक्शन येऊ शकते. यातली आयजीएम जातीची प्रतिपिंडे पूरक प्रथिनांची पूर्ण साखळी पेटवतात आणि परक्या पेशी प्लीहेपर्यंत पोचायच्या आत रक्तवाहिनीतच फुटतात. साखळीतले सुटे तुकडे रक्तवाहिन्या सैल करतात, म्हणून रक्तदाब पडतो. ताप, हुडहुडी, शिरेतली जळजळ, कुशीतली कळ हे सगळे त्याच रासायनिक वादळाचे भाग.

फुटल्या त्या दात्याच्या पेशी. बाईंच्या स्वतःच्या ओ पेशींना काही झाले नाही. हे लक्षात न घेतल्याने पुढे हिमोग्लोबिन थोडे उतरले की "अजून पेशी फुटताहेत" असा गैरसमज होतो, प्रत्यक्षात तो भरलेल्या सलाईनचा परिणाम असतो.

मूत्रपिंडाला किती भार होता ते असे काढता येते. गेलेल्या ३२ मिलीत सुमारे ५५ टक्के पेशी, म्हणजे १८ मिली पेशी. एक मिली पेशीत सुमारे ०.३३ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे सगळे मिळून जवळपास ६ ग्रॅम. बाईंचा रक्तद्रव ३ लिटर धरला, तर सगळ्या पेशी फुटल्यावर दर १०० मिली रक्तद्रवात २०० मिलिग्रॅम सुटे हिमोग्लोबिन येते. हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन यातले साधारण १०० ते १५० मिलिग्रॅम धरून ठेवू शकते. उरलेले लघवीत उतरते. प्रत्यक्षात सगळ्या पेशी एकाच क्षणी फुटत नाहीत, म्हणून हा आकडा कमाल समजावा. तरीही ३२ मिली रक्तसुद्धा हॅप्टोग्लोबिनला पुरून उरते हे यातून दिसते. अख्खी २९० मिलीची पिशवी गेली असती तर हाच भार नऊपट झाला असता.

सुटे हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे मूत्रपिंडातल्या वाहिन्या आकसतात. त्यातच रक्तदाब पडलेला. मूत्रपिंड जाते ते या दोन्हींच्या जोडीने, म्हणूनच उपचाराचा सगळा भर रक्तदाब सावरण्यावर आणि लघवी वाहती ठेवण्यावर असतो.

नमुने

२.५५ ला दुसऱ्या हातातून रक्त घेतले. ज्या हातात रक्त चालू होते त्या हातातून घेऊ नये. ईडीटीए आणि साध्या नळीतले नमुने रक्तपेढीला गेले, सायट्रेटची नळी रक्त गोठण्याच्या चाचण्यांसाठी आणि एक नमुना क्रिएटिनिन व पोटॅशियमसाठी. ताप असल्याने रक्ताचे कल्चर पाठवले, आणि रक्तपेढीने पिशवीचेही लावले, कारण जंतू शिरलेल्या पिशवीचे चित्र पहिल्या तासात हुबेहूब असेच दिसते. ३.१० ला मूत्रनलिका घातली. पहिली लघवी ६० मिली, गडद लाल.

लाल लघवीचा अर्थ लावताना घाई करू नये. शस्त्रक्रियेनंतर मूत्रनलिका घातल्यावर साधे रक्तही येऊ शकते. लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली. रक्तपेशी असत्या तर त्या खाली बसून वरचा भाग स्वच्छ झाला असता. इथे वरचा भाग लालच राहिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी जवळजवळ नव्हत्या. म्हणजे पेशी नाहीत, रंगद्रव्य आहे. मग ते स्नायूतले तर नाही? खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर स्नायू चिरडल्यामुळे मायोग्लोबिनही लघवी लाल करू शकते. त्याचे उत्तर रक्तद्रवात मिळते. मायोग्लोबिन लगेच गाळले जाते म्हणून रक्तद्रव स्वच्छ राहतो. इथे रक्तद्रव गुलाबी होता, आणि रिअॅक्शनपूर्वीच्या नमुन्यातला पिवळसर.

गुलाबी रक्तद्रवाचे एक फसवे कारणही आहे. बारीक सुईतून जोर लावून ओढलेल्या रक्तातल्या पेशी सिरिंजमध्येच फुटतात. शंका असेल तर जाड सुईने, न ओढता, नमुना पुन्हा घ्यावा. इथे दुसऱ्या नमुन्यातही रंग तोच आला.

रक्तपेढीतून फोन ३.३० ला आला. जुन्या नमुन्याचा गट ओ. नव्या नमुन्यात ए प्रतिरक्ताबरोबर मिश्र चित्र: बहुतेक पेशी मोकळ्या, थोड्या चिकटलेल्या. मोकळ्या बाईंच्या, चिकटलेल्या दात्याच्या. थेट कूम्ब्स चाचणी आधी निगेटिव्ह होती, आता क्षीण पॉझिटिव्ह. पिशवीचा गट ए. पिशवी आणि बाईंचा जुना नमुना यांचे क्रॉसमॅच जुळले नाही. आणखी पुराव्याची गरज राहिली नाही.

कूम्ब्सबद्दल एक सावधगिरी. सगळ्या परक्या पेशी फुटून गेल्या असतील तर प्रतिपिंड चिकटायला पेशीच उरत नाहीत आणि चाचणी निगेटिव्ह येते. म्हणजे सगळ्यात जोरदार रिअॅक्शनमध्येही ती निगेटिव्ह दिसू शकते. इथे दुसऱ्या दिवशी ती निगेटिव्ह झाली, त्याचा अर्थ परक्या पेशी संपल्या एवढाच होता.

उपचार आणि पुढचे दिवस

पहिले ५०० मिली सलाईन २० मिनिटांत गेले. ३.१५ ला रक्तदाब १०४/६६ झाला. आणखी १ लिटर पुढच्या दोन तासांत दिले, दर अर्ध्या तासाने फुप्फुसांचा आवाज ऐकत. लघवी ताशी किमान ६० मिली, म्हणजे किलोमागे सुमारे १ मिली, हे लक्ष्य होते. ४ वाजता बाईंना जास्त देखरेखीच्या विभागात हलवले.

५ वाजता त्या तासाची लघवी फक्त ३५ मिली निघाली. रक्तदाब ११२/७० होता, फुप्फुसे स्वच्छ होती, जीभ ओली होती, म्हणजे शरीरात पाणी कमी नव्हते. तेव्हा फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम शिरेतून दिले आणि पुढच्या तासात ११० मिली लघवी झाली. हाच डोस रक्तदाब ९६ असताना तीन वाजता दिला असता तर नुकसान झाले असते: आधीच रित्या झालेल्या वाहिन्यांतून पाणी काढून घेतले गेले असते. कमी डोसचे डोपामिन काही ठिकाणी अजूनही "मूत्रपिंडासाठी" लावले जाते, पण त्याने मूत्रपिंड वाचत नाही.

गोठण्याच्या चाचण्या पहिल्या दिवशी दर सहा तासांनी केल्या. प्लेटलेट २,४०,००० वरून १,५०,००० वर आल्या, आयएनआर १.३ वर गेला, फायब्रिनोजेन २१० राहिले. जखमेची पट्टी आणि सुया टोचलेल्या जागा कोरड्या होत्या, म्हणून प्लाझ्मा दिला नाही. आकडा थोडा बिघडला एवढ्यावर प्लाझ्मा देऊ नये. पण तो लागलाच असता तर एक खाच होती. ओ गटाच्या रुग्णाला ओ प्लाझ्मा हा सरधोपट विचार इथे उलटा पडतो. ओ प्लाझ्मात ए विरुद्धची प्रतिपिंडे असतात, आणि बाईंच्या रक्तात उरलेल्या ए पेशींना ती आणखी फोडली असती. परक्या पेशी संपेपर्यंत एबी गटाचा प्लाझ्मा मागवायचा, हे रक्तपेढीने फाईलवर लिहून ठेवले होते.

पोटॅशियम ४.३ वरून ५.१ पर्यंत चढून उतरले. लघवीचा रंग दुसऱ्या दिवशी सकाळी साधा झाला. क्रिएटिनिन ०.९ होते, दुसऱ्या दिवशी १.६ वर गेले, सातव्या दिवशी १.० वर परतले. डायलिसिस लागले नाही.

ज्यासाठी हे सगळे सुरू झाले ते हिमोग्लोबिन दुसऱ्या दिवशी ६.३ होते. रक्त तर लागणारच होते. नवा नमुना बेडजवळ घेतला, बेडजवळच लेबल लावले, आणि ओ पॉझिटिव्हची पिशवी दुपारी लावली. रिअॅक्शन आली म्हणून पुढचे रक्त टाळायचे कारण नसते. चूक गटाची होती, बाईंच्या शरीराची नव्हती. तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ७.४.

पडताळणी झाली होती, पण कशाची कशाशी?

नोंदवहीत दोन सिस्टरच्या सह्या होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. दोघींनी नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर पिशव्या आणि रक्तपेढीच्या स्लिपा ठेवून नाव, गट, पिशवीचा क्रमांक, मुदत मोठ्याने वाचून ताडले. सगळे जुळले, कारण पिशवी आणि तिची स्लिप एकाच रक्तपेढीतून एकत्र आलेली असतात. ती दोन्ही नेहमीच जुळणार. या ताडणीतून रक्तपेढीची चूक सापडू शकते, वॉर्डाची नाही. पिशवी ज्या हातात जाणार आहे त्या हातावरचा पट्टा या वाचनात कुठेच नव्हता.

मग दोघी एकेक पिशवी घेऊन निघाल्या. बेड ७ ला विचारले गेले, "काकू, तुम्हीच ना?" आणि पुढे आडनाव. बाई हो म्हणाल्या. शस्त्रक्रियेनंतर गुंगीत असलेला, कानाने मंद असलेला किंवा नुसता भिडस्त रुग्ण अशा प्रश्नाला हो म्हणतोच. प्रश्न "काकू, तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा" असा असला तर उत्तर द्यायला रुग्णाला स्वतःच बोलावे लागते. पट्टा पांघरुणाखालच्या हातात होता. केस पेपरवर लाल शाईत ओ लिहिलेले होते, तो केस पेपर टेबलावरच राहिला.

त्यानंतर वॉर्डाने दोन गोष्टी बदलल्या. एका वेळी एकाच रुग्णाची पिशवी रक्तपेढीतून आणायची. ती सुरू झाल्याचा फोन गेल्याशिवाय दुसरी मिळत नाही. आणि शेवटची ताडणी बेडजवळ, दोघींनी स्वतंत्रपणे करायची: एकीने पट्ट्यावरून पिशवीकडे, दुसरीने पिशवीवरून पट्ट्याकडे. एकीने वाचायचे आणि दुसरीने मान डोलवायची या पद्धतीत दुसरी बहुधा ऐकलेलेच बघते. रुग्णाला बोलता येत नसेल, उदाहरणार्थ शस्त्रक्रियागृहात, तर पट्टा हाच एकमेव आधार, आणि पट्टा नसेल तर रक्त लागत नाही. भूल दिलेल्या रुग्णात जळजळ, कंबरदुखी, घाबरणे यातले काहीच दिसत नाही. तिथे कारण नसताना पडलेला रक्तदाब, जखमेतून पाझरणारे रक्त आणि पिशवीत उतरलेली लाल लघवी एवढ्याच खुणा उरतात.

बेडजवळची कार्ड-चाचणी लावावी का, असाही प्रश्न आला. रुग्ण आणि पिशवी यांचा गट बेडशेजारी पुन्हा तपासणारी कार्डे असतात आणि त्यांनी ही अदलाबदल पकडली असती. पण घाईत, कमी उजेडात वाचणाऱ्याची चूक होऊ शकते, आणि कार्ड हाताशी आहे म्हणून पट्टा बघायचे सुटते. वॉर्डाने ती लावली नाहीत.

बाईंच्या फाईलवर घरी जाताना वेगळी नोंद केली: रक्तगट ओ पॉझिटिव्ह, अमुक तारखेला ए गटाच्या पेशी सुमारे ३२ मिली गेल्या, त्या दिवशीच्या नमुन्यात मिश्र चित्र आले ते त्यामुळे. दुसऱ्या प्रयोगशाळेने तो जुना अहवाल पाहून गटाबद्दल शंका घेऊ नये म्हणून. आणि पुढच्या वेळी रक्त लागले तर आधी प्रतिपिंडांची चाळणी नव्याने करावी, कारण दात्याच्या पेशींवर ए शिवाय इतर प्रतिजनेही होती आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे दिसायला काही आठवडे लागू शकतात.